दळण ते सहल

आमच्या घरी वरणातून मटणाकडे जायचा रस्ता पप्पांनी मला चौथीत असताना शिकवलेला. वरण, मरण, मटण. एका वेळी एकच अक्षर बदलायचं, बाकीची दोन जागच्या जागी ठेवायची, आणि मधला प्रत्येक शब्द खरा पाहिजे. मी हे मामीला जेवताना सांगितलं. म्हटलं, मामी, वरण सोडून मटण खायचं तर मधे मरायला लागतं. मामीला ठसका लागला. पप्पा तिच्या पाठीवर थापट्या मारत मला म्हणाले, "बरोबर आहे, पण जेवताना नको."

पप्पा खोपटच्या एसटी डेपोत कंट्रोलर होते. दिवसभर माइकवर गाड्या पुकारायच्या, आणि रविवारी आमच्या डोंबिवलीच्या एका साप्ताहिकात त्यांची शब्दसाखळी यायची. पेपरात दोनच शब्द छापायचे, पहिला आणि शेवटचा. तीन अक्षरी, काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. मधले शब्द वाचकांनी शोधायचे आणि रविवारी सकाळी पप्पांच्या मोबाइलवर फोन करून सांगायचे. पप्पा मधल्या शब्दांना थांबे म्हणायचे. "बोर्डावर फक्त सुटायचं आणि पोचायचं गाव असतं, मधले थांबे तुम्ही बघा." ज्याचे थांबे कमी, तो जिंकला. लांबून आलेलं उत्तर बरोबर असलं तरी ते म्हणायचे, "पोचलात, पण वळसा घालून."

मी नकला करतो. शाळेत असल्यापासून करतोय. रिक्षा स्टँडवरचे काका, सोसायटीचा वॉचमन, घोडबंदरच्या ऑफिसातला माझा टीम लीडर, सगळे येतात. पप्पांची माइकवरची तर लहानपणीच पाठ झालेली. पहिला शब्द ओढायचा, मग थांबायचं, मग उरलेलं पटकन. फोनवर तर मी नक्कल नाही केली तरी लोक मला पप्पा समजायचे.

दळण आणि सहल हे शब्द पप्पांनी बुधवारी संपादक काकांना फोनवर दिले. शुक्रवारी ते गेले. छातीत दुखतंय म्हणाले, ठाण्याच्या हॉस्पिटलात नेलं, आणि मग आम्ही तिघे गेलेलो ते दोघेच परत आलो. रविवारी पेपरात दळण आणि सहल छापून आले. आम्ही पेपर उघडला नाही. पप्पांचा फोन कुणीतरी बंद करून टीव्हीच्या मागे ठेवलेला.

त्या दिवसांत मला काही वाटलं नाही. लोक यायचे, मी पाणी द्यायचो. चुलत भाऊ म्हणाला, "अरे, तू एकदम गप्प झालास, कर ना काहीतरी." मी वॉचमनची केली. तो हसला. मला माझा आवाज ऐकू आला, पण कुणीतरी शेजारच्या खोलीत करतंय असं वाटलं.

दहावा झाल्यावर संपादक काकांचा फोन आला, माझ्या नंबरवर, मी स्पीकरवर टाकला. म्हणाले, "मागच्या आठवड्यात आपण त्यांचा फोटो टाकला, उत्तर पुढे ढकललं. आता या रविवारी द्यावं लागेल. त्यांनी तुला काही सांगितलेलं का?"

"नाही काका. ते उत्तर रविवारनंतर फोनवरच सांगायचे तुम्हाला."

"तेच ना. मी स्वतः बसलो दोन दिवस. मला काही सुटत नाही. त्यांची तब्येत आधीपासूनच बरी नसेल, घाईत दिले असतील शब्द. असं करू का, छोटी दिलगिरी छापतो. कोड्यात चूक राहून गेली म्हणून. लोक समजून घेतील."

आई समोर बसून मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "दिलगिरी नको म्हणावं," ती म्हणाली. "त्यांचं कधी चुकलं नाही."

मी काकांना म्हटलं, "शुक्रवारपर्यंत देतो."

ऑफिस सुरू झालेलं. डोंबिवलीहून घोडबंदर रोडला बस जाते कमी आणि उभी जास्त राहते, त्यामुळे वेळ भरपूर होता. मी दळणपासून सुरुवात केली. दळण, वळण. दळण, जळण. दळण, मळण. वळणावरून वरण. मळणावरून मरण. मग वरण, मरण, चरण, हरण, धरण, भरण, सगळी 'रण'ची जत्रा, आणि मी तिच्यात गोल गोल. हरणावरून धरणावर, धरणावरून भरणावर. सहलीच्या जवळ एक पण जात नव्हता. एका संध्याकाळी मला वाटलं काका बरोबर बोलतायत. पण घरी आलो की आई दार उघडायची, चहा ठेवायची आणि काही विचारायची नाही. ती विचारत नव्हती म्हणून मी दुसऱ्या दिवशी परत सुरू करायचो.

गुरुवारी माजिवड्याच्या पुढे बस अडकली तेव्हा पप्पांची पद्धत आठवली. ते एका टोकाने कधीच जायचे नाहीत. "दोन्हीकडून गाड्या सोड," म्हणायचे, "कुठेतरी क्रॉसिंग होतंच." मी इतके दिवस एकच गाडी पळवत होतो. मग सहलीकडून मागे यायला लागलो. सहल, महल. महलच्या पुढे काही नाही. सहल, सहज. सहल, सहन. सहल, सकल. सहल, सरल.

सरल. मधे र. इकडे वरण, त्याच्या पण मधे र. म्हणजे वरणचा व काढून स करायचा आणि ण काढून ल करायचा, दोनच बदल. आधी ण बदलला तर वरल. असा शब्द नाही. आधी व बदलला तर सरण.

दळण, वळण, वरण, सरण, सरल, सहल.

कोडं बरोबर होतं. पप्पांचं चुकलेलं नव्हतं. आनंद व्हायला पाहिजे होता. मी खिडकीतून बाहेर बघितलं, एक बाई कारमध्ये बसून वडापाव खात होती. त्या सरणाभोवती मी मडकं घेऊन फिरलेलो, आणि मडक्याला भोक पाडणाऱ्या काकाने भोक जरा मोठं पाडल्यामुळे माझी पॅन्ट भिजलेली, एवढंच मला आठवलं. ओली पॅन्ट.

हे आईसमोर कसं ठेवायचं. पेपर येणार, पप्पांचं सदर असणार, आणि तिने बोट ठेवून खाली खाली वाचत जायचं, वळण, वरण, आणि मग ते. मी दुसरा रस्ता शोधला. तो लगेच सापडला. वरण, तरण, तरल, सरल, सहल. तरण म्हणजे पोहणं, तरणतलावातलं. चांगला शब्द आहे. एक थांबा जास्त, पण कुणाला काय फरक पडतो.

शुक्रवारी सुट्टी टाकली. आई कणीक मळत होती, तिला तरणवालं वाचून दाखवलं.

"मधले पाच झाले," ती म्हणाली.

"हो."

"बरं," म्हणाली आणि गोळे करायला लागली. नवी नक्कल मी आधी तिच्यावरच चालवून बघतो, त्यामुळे तिचं 'बरं' कसलं आहे ते मला कळतं. हे 'बरं' वळसा घातलेलं होतं.

संपादक काकांना फोन पप्पांच्या मोबाइलवरूनच करावा असं मला वाटलं. का, ते माहीत नाही. फोन चार्जिंगला लावून चालू केला तर काकांना लावायच्या आधी तोच वाजला. कल्याणचे आजोबा. पप्पांचे सगळ्यात जुने वाचक, आम्ही कधी बघितलेले नाहीत, पण दर रविवारी पहिला फोन त्यांचा. आईच्या हाताला पीठ होतं, तिने कोपराने खूण केली, स्पीकरवर टाक.

"हॅलो," मी म्हटलं.

 मग आजोबा सावकाश म्हणाले, "मला वाटलं..."

"मी मुलगा बोलतोय, आजोबा."

"हो. हो, वाचलं मी पेपरात. रोज फोन लावून बघत होतो, बंद लागायचा. आज लागला तर घाबरलोच." ते खाकरले. "खरं तर आत्ता हे सांगणं बरं दिसत नाही. पण उत्तर द्यायचं राहिलं होतं, आणि त्यांचं उत्तर मी कधी चुकवलेलं नाही."

"सांगा ना."

"दळण. वळण, वरण... सरल. सहल."

"आजोबा, वरणवरून एकदम सरल नाही होत. दोन अक्षरं बदलली."

"माहीत आहे मला. मधे एक आहे." परत खाकरले. "तो शब्द मी तुमच्या घरात आत्ता उच्चारणार नाही, बाळा. तुला कळला असेल तर कळला. नसेल तर माझं उत्तर चूक धर, माझी काही हरकत नाही."

आईचे हात परातीत थांबलेले. मला काहीतरी बोलायचं होतं, आजोबा, तरण पण चालतं असं काहीतरी. तोंड उघडलं आणि माइकवरचा आवाज आला. पहिलं अक्षर ओढलेलं, मग थांबा, मग उरलेलं पटकन.

"स... रण."

मी ठरवून केलं नाही.  आजोबांकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"बरोबर," ते म्हणाले.

"तुमचंच पहिलं, आजोबा."

"आईंची काळजी घे," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी आईकडे बघितलं नाही, फोनकडे बघत राहिलो. आई म्हणाली, "हेच त्यांचं. मधले चार. चारात होत असताना ते कधी पाच देतील का?"

"आई, छापून येईल ते."

"येऊ दे की. शब्द आहे, त्याला काय होतंय." तिने गोळा उचलला, परत ठेवला. "तू ते पोहण्याचं दिलं असतंस, तर रविवारी आजोबांनी बघितलं असतं ना. म्हणाले असते, गेल्यावर वळसा घातला."

मी संपादक काकांना फोन लावला आणि सांगितलं. सरणवर ते अडखळले. "बघ हं, दुसरा काही असेल तर..."

"दुसरा लांब पडतो काका. हेच छापा."

त्यांनी तसंच छापलं. एकाखाली एक सहा शब्द, आणि खाली, पहिलं बरोबर उत्तर कल्याणहून. दिलगिरी कुठेच नव्हती. आईने पेपर वाचला, त्याची घडी केली आणि जिथे ती सगळे पेपर ठेवते तिथे ठेवला. मी बघत होतो तिला कुठे काय होतंय का. काही झालं नाही. मलाही नाही.

मग तिने गव्हाचा डबा काढला. एरवी दळण पप्पा न्यायचे. मी डबा खांद्यावर घेतला, ती मागून पिशवी घेऊन येत होती. चक्कीच्या गल्लीत वळताना म्हणाली, "चरण चाललं असतं का रे? वरण, चरण?"

"चाललं असतं. पण सरलकडे जायला मग मधे चरस लागतो."

"काय?"

"चरण, चरस, सरस, सरल, सहल. देवाच्या पायाशी बसून चरस ओढायचा, मग सगळं सरस, मग सहल."

मागून तिच्या चपलांचा आवाज जवळ आला.

"लांब पडतं," आई म्हणाली. "आणि डबा नीट धर, तिरका झालाय."