जेट पंपाची बारीक धार

बहिणीच्या नवऱ्याला आम्ही नागपूरकडचे लोक भाटवे म्हणतो. माझे भाटवे मला कधीच आवडले नाहीत, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. माणूस दिसायला बरा, बोलायला गोड, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दुर्गला मोहन नगरात त्यांचं सबमर्सिबल पंपांचं दुकान, आणि ते चांगलं चालतं. मी भिलाईत वैशाली नगरात पंप आणि मोटर दुरुस्तीचं दुकान चालवतो, तेही बरं चालतं. जळायचं कारण धंदा नव्हता. कारण माझे बाबा होते.

बाबा रेल्वेत पाण्याच्या पंपांवर फिटर होते. निवृत्त झाल्यावर हे दुकान त्यांनीच काढलं आणि मला हाताशी धरून काम शिकवलं. शिकवलं म्हणजे सतत चूक दाखवली. मी पंपाची गळती रोखणारी ग्लँड बांधली की ती सैल, मी पाना फिरवला की तो उलटा. भाटवे मात्र घरी आले की कूलरचं तोंड त्यांच्याकडे वळायचं, बाबा खुर्ची सोडून पलंगावर बसायचे आणि पंपांची गोष्ट काढून वर विचारायचे, "तुमाले काय वाटते, जवाई?" मी तिथेच चहाचा कप घेऊन बसलेला असायचो. पंधरा वर्षं पंपांत हात काळे केलेल्या मला काय वाटतं, हे कुणी विचारलं नाही. माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू?

आमच्या अंगणात बोअर आहे आणि त्यावर बाबांनी स्वतः बसवलेला जेट पंप. मोटर वर ओट्यावर, बोअरमध्ये फक्त दोन पाइप आणि त्यांच्या तळाशी इजेक्टर. भिलाईतल्या बहुतेक घरांत आता सबमर्सिबल आहे, म्हणजे मोटरीसकट बोअरच्या पाण्यात बुडवलेला पंप, बटण दाबलं की मनगटाएवढी धार. बाबांना ते पटत नसे. जी वस्तू बिघडली तर हातात येत नाही ती आपली नाही, असं त्यांचं मत. जेट पंपात बोअरच्या आत फिरणारं काहीच नसतं, म्हणून तो त्यांचा लाडका.

मला तो त्यांनी लहानपणी अंगणातच समजावला होता. वरच्या पंपाने पाणी ओढायचं म्हटलं तर पंचवीस फुटांच्या पुढे जीव जातो, कारण ओढणं असं काही नसतंच. बाहेरची हवा पाण्यावर दाबते म्हणून ते पाइपात चढतं, आणि हवेचा जोर तेवढाच. मग खोल बोअरचं काय करायचं? पंपाने वर आलेल्या पाण्यातलं थोडं बारीक पाइपाने परत खाली पाठवायचं. तळाशी इजेक्टरमध्ये ते नोझलच्या छोट्या भोकातून सुसाट बाहेर पडतं. जिथे पाण्याचा वेग वाढतो तिथे दाब पडतो, म्हणून बाजूचं बोअरचं पाणी तळाच्या फूट व्हॉल्वमधून आपोआप आत खेचलं जातं. दोन्ही पाणी व्हेंचुरी नावाच्या नळीच्या अरुंद गळ्यात मिसळतं, पुढे गळा हळूहळू रुंद होतो, वेग कमी होतो आणि त्या वेगाचा पुन्हा दाब होतो. हा दाब पाण्याला जाड पाइपातून वर ढकलतो, पंपाच्या टप्प्यात येईपर्यंत. बाबांनी नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धार दाखवली होती आणि म्हणाले होते, असा अंगठा तिथे खाली कायम दाबलेला आहे असं समज.

पण या पंपाची एक अट असते. खाली पाठवायच्या पाण्याला जोर हवा, म्हणून अंगणातल्या टाकीकडे जाणारा व्हॉल्व पूर्ण उघडता येत नाही. बाबांनी त्या व्हॉल्वच्या चाकावर लाल रंगाची खूण केली होती. त्याच्या पुढे फिरवला की सगळं पाणी टाकीकडे पळतं, नोझलला जोर उरत नाही आणि पंप कोरडा पडतो. शाळेत असताना मी एकदा हौसेने तो फिरवला होता आणि बाबांनी माझ्या पाठीत जे दिलं ते अजून आठवतं.

त्या उन्हाळ्यात बोअरचं पाणी खूप खाली गेलं. धार आधी बारीक झाली, मग तुटक, मधे मधे नुसती हवा. बाबांनी एक दिवस पंपावरच्या दाबाच्या गेजकडे पाहून सुस्कारा टाकला आणि जेवताना जाहीर केलं की रविवारी जवाई येणार, सबमर्सिबल घेऊन. बाबांच्या स्वतःच्या हातचा पंप, माझ्या अंगणातला, आणि तो काढायला तो माणूस. बाजूला मी बसलोय, पंपांचा मिस्त्री. मला कुणी नुसतं विचारलंही नाही.

मी म्हणालो, रविवारच्या आधी मला एकदा हा दुरुस्त करू द्या. बाबांनी पोळीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "कर. टाकी भरली तं राहू देऊ. नाई भरली तं जवाईचा पंप." त्यांच्या बोलण्यात विश्वास होता की कंटाळा, ते मला समजलं नाही, पण मी हट्टाला पेटलो.

दुकानातल्या कारागिराला घेऊन तीन खांबांच्या तिकाटण्यावर चेन पुली लावली आणि दोन्ही पाइप वर काढले. इजेक्टर उघडला तर नोझलचं भोक वाळूने घासून मोठं आणि वेडंवाकडं झालेलं. नुसतं नोझल बदलून भागणार नव्हतं. नोझल आणि व्हेंचुरी ही जोडी असते, आणि पाणी जितकं खोल तितका व्हेंचुरीचा गळा नोझलच्या मानाने अरुंद लागतो. गळा अरुंद केला की उचलण्याचा जोर वाढतो पण पाणी कमी येतं. रायपूरहून खोल बोअरची जोडी आणली, पाइपांत तुकडे वाढवून इजेक्टर आणखी खाली सोडला, सगळं पाण्याने भरलं आणि शनिवारी बटण दाबलं.

काटा चढला, थरथरला, स्थिर झाला. व्हॉल्व मी हळूहळू उघडत लाल खुणेपर्यंत आणला. पाणी आलं. धार करंगळीएवढी, पण एकदाही तुटली नाही. मी टाकीच्या काठावर बसून त्या धारेकडे पाहत राहिलो. आनंद झाला आणि लाजही वाटली, कारण एवढ्या मोटरीत सबमर्सिबल किती पाणी देतो ते मला ठाऊक होतं. जेट पंपाची गोष्टच अशी. चांगल्यातला चांगला इजेक्टरही दिलेल्या जोराचा तिसरा हिस्सा जेमतेम परत करतो, बाकीचा दोन पाण्यांच्या घुसळणीत जातो. आणि बोअर जितकं खोल तितकं जास्त पाणी परत खालीच पाठवावं लागतं. आमच्या बोअरमध्ये तर वर येणाऱ्या पाण्यातलं बरंचसं नुसतं गोल गोल फिरत होतं. कितीही डोकं चालवलं तरी ही धार जाड होणार नव्हती. पण टाकी भरणार होती, आणि अट तेवढीच होती.

बाबांनी येऊन धारेखाली हात धरला, शर्टाला पुसला आणि आत गेले. एक शब्द नाही. मी मनात म्हटलं, हेच भाटव्यांनी केलं असतं तर आतापर्यंत गल्लीला चहा पाजला असता.

रविवारी भाटवे आले. गाडीत मागे नवाकोरा सबमर्सिबल, खोक्यात. बहीणही आली होती, ती आईसोबत आत गेली. भाटवे ओट्याशी आले, गेज पाहिलं, धार पाहिली. त्यांनी नावं ठेवली नाहीत, उलट जोडी कोणती टाकली हे नीट विचारलं. मग सहज म्हणाले की आमच्याकडे आता गच्चीवरची टाकी अर्ध्या तासात भरते. त्यात टोमणा नव्हता, ते रोज गिऱ्हाइकांशी जे बोलतात तेच बोलले. माझं तोंड मात्र कडू झालं. करंगळीएवढी ती धार मला एकदम भिकारी दिसायला लागली.

बाबा माझ्या बाजूला उभे होते. त्यांनी एकदा भाटव्यांकडे पाहिलं, एकदा धारेकडे. मग पुढे झाले आणि व्हॉल्वच्या चाकावर हात ठेवला. मला वाटलं, नुसते चाचपून पाहताहेत. त्यांनी चाक फिरवलं, लाल खुणेच्या पुढे, आणखी पुढे, थेट शेवटपर्यंत. धार एकदम फुगली, मनगटाएवढी झाली. बाबांनी मान वळवून भाटव्यांकडे पाहिलं. मी त्यांना तसं पाहताना जन्मात पाहिलं नव्हतं.

धार तेवढ्यापुरतीच होती. काटा घसरला, पाइपात गुळगुळ झाली, टाकीत दोन पिचकाऱ्या पडल्या आणि पंप कोरडा घुमायला लागला. मी धावत जाऊन बटण बंद केलं. बाबा व्हॉल्वजवळच उभे होते, हात अजून चाकावर. आयुष्यभर दुसऱ्यांना जे करू दिलं नाही ते त्यांनी स्वतः केलं होतं. त्यांना काय होईल हे माहीत नव्हतं असं म्हणायला जागाच नव्हती.

मग ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मले वाटलं, तुही धार त्याईच्याहून जाड दिसावी. घडीभर तरी."

इतकी वर्षं मला वाटत होतं की या घरात जळणारा मी एकटाच आहे. बाबा माझ्यासाठी जळत होते, आणि माझ्या कामाबद्दल एक शब्द न बोलणारा हा माणूस माझी धार मोठी दिसावी म्हणून आपली सगळी विद्या विसरला होता. डोळे भरून आले, ते लपवायला मी पंपात पुन्हा पाणी भरायची बादली आणायला वळलो.

बादली आधीच भाटव्यांच्या हातात होती. बाबा आत गेले. मी पंपाचा प्लग उघडला, भाटवे पाणी ओतत राहिले, आतली हवा बुडबुड करत बाहेर येत होती. भरत आल्यावर त्यांनी स्वतःच व्हॉल्व पूर्ण बंद केला. मग बादली खाली ठेवून, बाबा गेले त्या दाराकडे पाहत हळू आवाजात म्हणाले, "मामाजी माह्यासाठी असे कधी चुकले नाई."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते हसत होते, पण ते हसू मला ओळखीचं होतं. कूलरच्या बाजूला चहाचा कप घेऊन मी तसंच हसत आलो होतो. प्लग घट्ट करून मी बटण दाबलं, काटा चढू दिला आणि म्हटलं, "भाऊजी, तुमीच खोला. हळू खोला." त्यांनी चाक धरलं आणि गेजवर नजर ठेवून ते थोडं थोडं फिरवू लागले.