आईला हवा असलेला व्हिडिओ

आम्ही गोव्यातल्या पेडण्याचे, आईचं माहेर डिचोलीकडचं. मामा गेला आणि त्या घराला कुलूप लागलं. तो गेल्यावर आईने त्याला एका व्हिडिओत पाहिलं होतं, त्याआधीच्या गणेश चवथीला आरतीत घुमट वाजवताना. तो व्हिडिओ तिला परत हवा होता.

मी तिचा मोबाइल घेतला. पाहिलेल्या व्हिडिओंच्या हिस्टरीत काही मिळेना. तीन महिन्यांपेक्षा जुनं सगळं आपोआप पुसलं जाईल, असं सेटिंग त्यात होतं. लाईक केलेल्या व्हिडिओंत नुसत्या पाककृती. मी वैतागलो. "एवढा हवा होता, तर लाईक का नाही केलास?"

"भाऊ गेलो माझो. आणि मी आवडलां म्हणान आंगठो दाबू?"

'गोवा घुमट आरती' शोधल्यावर ढीगभर व्हिडिओ आले, सगळे चेहरे अनोळखी. आई म्हणाली, "वाड्याचां नाव घाल." मामाच्या वस्तीचं, त्या वाड्याचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलं, पुढे 'घुमट आरती', आणि तो निघाला. कुणा शेजाऱ्याने टाकलेला. मामा कोपऱ्यात डोळे मिटून वाजवत होता. कॅमेरा त्याच्यावर जेमतेम थांबला आणि गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीकडे वळला. आईने तेवढाच भाग पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिला.

परत हरवू नये म्हणून मी तो सेव्ह करायला घेतला. नव्या प्लेलिस्टला नाव द्यायचं होतं. काय लिहू, म्हणून आईला विचारलं.

"माहेर," ती म्हणाली.

त्यात अजूनही तो एकच व्हिडिओ आहे.