तीन प्रश्नांचा फॉर्म

माझा राग नाकावर असतो, हे केडगावात माझ्या पार्लरमध्ये येणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. तरी बायका यायच्या, कारण हात चांगला होता. माझाही आणि फेशियल करणाऱ्या माझ्या मदतनीस बाईचाही. ती माझ्याकडे नऊ वर्षं होती. मूळची राजूरकडची, बोलायला कमी, बोटं लोण्यासारखी.

मग जुन्या बायका येईनाशा झाल्या. भांडण नाही, तक्रार नाही. रस्त्यात भेटल्या की "येते हं एकदा" म्हणायच्या आणि दिसायच्या नाहीत. मला झोप लागेना. कुठे चुकतंय ते कुणी तोंडावर सांगत नाही, आपल्याकडे ती रीतच नाही. आरशात बघून "छान झालं" म्हणायचं, चपला घालायच्या आणि दुसरं पार्लर शोधायचं.

माझी भाची कॉमर्सला आहे. ती म्हणाली, "मावशी, काम झालं की छोटा फॉर्म भरून घे, म्हणजे कळेल." तिने मोबाईलवर तो बनवून दिला. पहिला आठवडा मी काउंटरवर फोन पुढे करून म्हणायची, "तेवढे तारे द्या ना ताई." सगळ्यांनी पाचच्या पाच दिले. मी मान वर करून बघत असताना तीन तारे द्यायला कोण धजेल? भाचीने कपाळावर हात मारला. मग आम्ही पद्धत बदलली. बाई घरी गेल्यावर दोन तासांनी पार्लरच्या फोनवरून लिंक पाठवायची, तिचं नाव विचारायचं नाही. फक्त काय करून घेतलं आणि कुणी केलं, एवढंच निवडायचं. पुढे तीन प्रश्न.

तीनच, हा माझा हट्ट. लांबलचक फॉर्म कोण भरतंय? भाचीने लिहिलेल्या पाच प्रश्नांतले मी दोन कापले आणि उरलेल्यांत कोंबले. त्यातला दुसरा असा झाला: "ताईंचं काम आणि वेळेची काळजी कशी वाटली?" भाची म्हणाली, "अगं, हे दोन प्रश्न आहेत. कमी तारे आले तर कशाला आले ते कसं कळणार?"

"तू मला शिकवू नकोस," मी म्हणाले. "एकच आहे तो."

उत्तरं यायला लागली. आयब्रो उत्तम, वॅक्सिंग उत्तम, हेअरकट बरा. फेशियलच्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र दोन तारे, कधी एक. आणि "कुणी केलं" याच्या पुढे प्रत्येक वेळी माझ्या मदतनीस बाईचं नाव. शेवटी मोकळी जागा होती, तिथे एकीने लिहिलं होतं, "पॅक वाळून चेहरा ओढला गेला, हाक मारली तरी कुणी आलं नाही."

माझं डोकंच फिरलं. नऊ वर्षं जिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, ती गिऱ्हाईक पॅकखाली टाकून फोन बघत बसते की काय? मी तिला आतल्या खोलीत बोलावलं आणि फोन तिच्यासमोर धरला. तिने ते हळूहळू वाचलं.

"ताई, मी गेल्ते कुठं?" ती म्हणाली. "तुमीच हाक मारली हुती. त्यादिशी कुनाच्या तरी आयब्रो करायच्या हुत्या."

"दरवेळी माझ्यावर ढकलायचं होय?" मी म्हणाले. आवाज चढला होता. बाहेर दोन बायका बसल्या होत्या, त्यांनी ऐकलं असणार. तेव्हा मला त्याचंही काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याकडून फेशियलचं काम काढून घेतलं. तिने नुसत्या आयब्रो करायच्या. पंधरा दिवस ती मान खाली घालून दोरा ओढत राहिली. नंतर एका सकाळी बहिणीकडे संगमनेरला जाते म्हणाली आणि आलीच नाही. मला वाईट वाटलं, पण आपण चूक शोधली आणि उपटून टाकली, याचं समाधान जास्त होतं.

फेशियल आता मीच करत होते. महिनाभराने भाचीने उत्तरं उघडून दाखवली. फेशियलच्या दुसऱ्या प्रश्नाला पुन्हा दोन तारे, आणि "कुणी केलं" याच्या पुढे या वेळी माझं नाव.

भाचीने आता मला विचारलंच नाही. तो प्रश्न तोडून तिने दोन केले. एक: हाताचं काम कसं वाटलं? दुसरा: मधेच कुणी तुम्हाला सोडून गेलं का? हाताच्या कामाला पाच तारे येऊ लागले. आणि दुसऱ्याला, फेशियल करून गेलेल्या जवळजवळ प्रत्येकीचं उत्तर, "हो".

हे मी रोज करत होते. दारातून ओळखीची बाई डोकावायची, "फक्त आयब्रो, दोन मिनिटांचं काम." सोसायटीच्या चेअरमनची सून, शाळेतल्या बाई, जाऊबाईंची मैत्रीण. नाही म्हटलं तर राग येईल, गावात तोंड दाखवायचंय. म्हणून मी "ये गं, बस" म्हणायची आणि आत फेशियल करणाऱ्या मदतनीस बाईला हाक मारायची, "अगं, जरा इकडे ये." जी वेळ घेऊन आली होती, ती पॅकखाली डोळे मिटून, ओठ हलवता येत नाहीत म्हणून बहुतेक वेळा गप्प पडून राहायची. दोन मिनिटांची वीस व्हायची. मदतनीस गेल्यावर तर मी स्वतःच पॅक तसाच सोडून उठायची. पॅक ओलसर असतानाच पुसून काढायचा असतो, हे मीच माझ्या मदतनीस बाईला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. आणि चोर काउंटरवर बसून तारे मोजत होता.

पुढच्या सोमवारी दुकान बंद ठेवून मी संगमनेरला गेले. बसमध्ये मी माफीची वाक्यं जुळवत होते. मला ती परत हवी होती, तिच्याशिवाय पार्लर चालवणं मला जमेना, हेही खरंच होतं. विचारत विचारत गेले तेव्हा बसस्टँडच्या मागे एका छोट्या पार्लरमध्ये ती सापडली. एका बाईच्या चेहऱ्यावर पॅक लावला होता आणि ती शेजारी स्टुलावर बसून होती. मला बघून ती चपापली, पण उठली नाही. मी हाताने खुणावलं, बाहेर ये ना जरा. तिने मानेनेच नाही म्हटलं आणि बोटाने बाकाकडे दाखवलं. मी जाऊन बसले. तिने बोटाने पॅक दाबून बघितला, ओला स्पंज घेतला, निवांतपणे चेहरा पुसला. मग बाहेर आली.

मी सगळं सांगितलं. प्रश्न कसा चुकला, कुणामुळे चुकला. "मी तुझं ऐकून घ्यायला हवं होतं," म्हणाले, आणि मला रडू आलं. तिने पाण्याचा ग्लास आणून दिला.

"ताई, तुमी समद्या गिऱ्हाइकांना फॉर्म धाडला," ती म्हणाली. "मला एकदा तोंडानं इचारलं असतं तर मी तवाच सांगितलं असतं. सांगितलंबी हुतं."

"चुकलं गं माझं. चल परत."

तिने माझ्या हातातला रिकामा ग्लास घेतला. आत पुढची बाई खुर्चीत येऊन बसली होती.

"न्हाई ताई. हितं मला कुनी मधनं उठवत न्हाई," ती म्हणाली आणि आत गेली.