साठ ग्रॅमचं पुडिंग

माझ्या थोरल्या जाऊबाईंना वृद्धाश्रमात सगळे ग्रॅमबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त माझ्यात आहे आणि मीही ती वर्षातून एकदाच वापरते.

आम्ही दोघी त्या वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर सांभाळतो. चाळीस माणसं, त्यातल्या तेहतीस जणांच्या दातांच्या कवळ्या. जाऊबाई लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाई अंदाजाने स्वयंपाक करायच्या आणि बिघडला की खापर सुनेवर फोडायच्या. जाऊबाईंनी पहिल्या पगारातून वजनकाटा आणला आणि ओट्यावर मांडला. तेव्हापासून त्यांचं एकच वेदवाक्य, ‘माणूस खोटं बोलेल, काटा बोलणार नाही.’ चमच्याचं माप त्या मानतच नाहीत. चमचा म्हणजे कुणाचा, भरलेला की सपाट, असं विचारून समोरच्याला गप्प करतात.

कामाची वाटणीही काट्यावरच. दोन किलो तुला, दोन किलो मला. एकवीस वर्षं माझ्या वाट्याला दोन किलो लसूण येतोय आणि त्यांच्या वाट्याला दोन किलो भोपळा. मी एकदा कुरकुर केली, तर त्यांनी दोन्ही पुन्हा मोजून दाखवले. मी पुन्हा लसूण सोलायला बसले.

गेल्या महिन्यात व्यवस्थापक येऊन म्हणाले, “गुरुवारी संस्थेच्या अध्यक्षबाई जेवायला येणार आहेत. स्वयंपाकघर बाहेरच्या कंत्राटदाराला द्यायचं का, ते त्याच दिवशी ठरणार. जेवण उत्तम झालं पाहिजे.” एवढं बोलून ते बिस्किट उचलून निघून गेले. जाऊबाईंनी बिस्किटांचा डबा मोजला आणि मग खुर्चीवर बसल्या. त्या कामाच्या वेळात कधी बसत नाहीत, म्हणून मी घाबरले.

आमचा हुकमी एक्का म्हणजे दुधाचं व्हॅनिला पुडिंग. चार लिटर दूध, साठ ग्रॅम जिलेटिन, चाळीस वाट्या. जिभेवर ठेवलं की विरघळायचं, चावायचं कामच नाही. पण नेमके त्याच आठवड्यात नवे पोस्टमास्तर राहायला आले. निवृत्त झाले तरी हाताला लागेल तो कागद वाचायची खोड गेली नव्हती. जिलेटिनचं रिकामं पाकीट त्यांनी कचऱ्यातून काढून वाचलं आणि जेवणाच्या खोलीत उभं राहून जाहीर केलं, “हे जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात.” त्या दिवशी बावीस वाट्या तशाच परत आल्या.

मग दुकानदाराने अगर-अगर दिलं. समुद्रातल्या शेवाळाची पांढरी पूड, शुद्ध शाकाहारी. पाकिटावर लिहिलं होतं, नीट उकळून घ्या आणि पुढे माप होतं चमच्यात. जाऊबाईंनी उकळण्यापर्यंत वाचलं आणि चमचा दिसताच नाक मुरडलं.

“साठ ग्रॅमच्या जागी साठ ग्रॅम,” त्या म्हणाल्या. “काटा आहे ना.”

गुरुवारी सकाळी नऊला पुडिंग वाट्यांत ओतलं. फ्रीजमध्ये ठेवायला जागा करेपर्यंत बाहेरच घट्ट झालं. जाऊबाई खूश. “बघ, किती गुणाचं आहे.” मी चव बघायला चमचा टोचला, तो तसाच उभा राहिला. वाटी उपडी केली तर पुडिंग ताटलीवरून घसरलं, जमिनीवर पडलं आणि थेट कपाटाखाली गेलं. मी झाडूने बाहेर काढलं. कडेचा एक टवका सोडला तर त्याला काही झालं नव्हतं.

तेवढ्यात पोस्टमास्तर आले. मांसाहार नाही ना, याची खात्री करायला म्हणून एक वाटी घेऊन बसले. चावू लागले. आम्ही दोघी बघत राहिलो. ते चावतच होते. शेवटी त्यांनी कवळी काढून रुमालात ठेवली आणि शांतपणे म्हणाले, “बाई, याच्यावर पत्ता लिहिलात तर हे कुठेही न फुटता पोचेल.”

जाऊबाईंचा चेहरा पडला. त्या काट्याकडे अशा बघत होत्या की जणू घरच्याच माणसाने दगा दिला. “साठच होते,” त्या म्हणाल्या. “मी दोनदा मोजले.” डोळ्यांत पाणी आलं होतं. मला त्यांचा राग येतो तो येतो, पण त्या क्षणी मला कंत्राटदाराचा जास्त आला.

मी म्हटलं, “जाऊबाई, कपड्यांची खळ घट्ट झाली की आपण काय करतो? पाणी घालतो.”

“यात किती घालायचं पण?”

“पाकिटावर आहे.”

पोस्टमास्तरांनी मोठ्याने वाचलं. एक लिटर दुधाला दोन लहान चमचे. जाऊबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा चमचा सपाट करून दोन चमचे पूड घेतली, अर्थात लगेच काट्यावर टाकली. चार ग्रॅम. त्या पुटपुटल्या, “म्हणजे साठ ग्रॅमला पंधरा लिटर. आपण घातलं चार.” मग उठल्या आणि पदर खोचला.

फ्रीजमध्ये दुपारच्या चहाचं आणि रात्रीचं मिळून बारा लिटर दूध होतं. त्यातलं अकरा काढलं. पुडिंगचे तुकडे करून थोड्या दुधात पातेल्यात टाकले. जिलेटिन असतं तर कोमट झाल्यावरच पातळ झालं असतं. हे मात्र वाफा यायला लागल्या तरी तुकडेच्या तुकडे पोहत होते. चांगली उकळी येऊन पाच मिनिटं झाली तेव्हा कुठे हट्ट सुटला. मी तळ लागू नये म्हणून ढवळत होते. उरलेलं दूध साखर घालून गरम केलं, कारण गार ओतलं असतं तर पुन्हा गुठळ्या धरल्या असत्या. व्हॅनिलाची बाटली शेवटच्या थेंबापर्यंत झटकली.

चाळीस माणसांना दीडशे वाट्या. वाट्या होत्या साठ. मग कप, पेले, डब्यांची झाकणं, केकचा साचा, व्यवस्थापकांना निरोप समारंभात मिळणार असलेला चषकसुद्धा भरला. फ्रीजची वाट बघायला नको, हे एक बरं होतं. साडेबाराला सगळं जागच्या जागी घट्ट झालं होतं आणि टोचलेला चमचा आता आडवा पडला.

अध्यक्षबाईंनी जेवण संपवलं. पुडिंगचा एक घास घेतला, मग दुसरा, मग वाटी रिकामी. जिलेटिनसारखं ते जिभेवर विरघळत नव्हतं, पण जिभेने दाबलं की मोडत होतं. कवळ्यांची तक्रार नव्हती.

“अजून मिळेल का?” त्यांनी संकोचून विचारलं.

“मिळेल,” आम्ही दोघी एकदम म्हणालो.

सगळ्यांनी तीन-तीन वाट्या खाल्ल्या. दुपारी चहाऐवजी पुडिंग दिलं. पोस्टमास्तर सगळं जाणून होते, पण चौथी वाटी घेताना अवाक्षर बोलले नाहीत. निघताना अध्यक्षबाई व्यवस्थापकांना म्हणाल्या, “कंत्राटदार माणशी वाटी मोजून देईल. इथे हात सढळ आहे. स्वयंपाकघर यांच्याकडेच राहू दे.” ग्रॅमबाईंचा हात सढळ, हे ऐकून मला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाईंनी काट्यावर दोन किलो लसूण मोजला, दोन किलो भोपळा मोजला. मग भोपळा माझ्यापुढे ठेवला आणि लसूण घेऊन स्वतः खाली बसल्या.

“वजन तेवढंच आहे,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

“हो ना,” मी म्हटलं.

माझा भोपळा बारा मिनिटांत चिरून झाला. त्यांचा अजून पहिलाच गड्डा चालला होता. मी मुळीच मदत केली नाही. चहा करून घेतला, त्यांच्यासमोर स्टुलावर बसले आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा तो गरम असताना प्यायले.