मागून उघडं डोकं

बायको आजारी असताना भाचीने मोबाइल फिरवून तिचा चेहरा स्कॅन केला होता. डोकं उशीला टेकलेलं, म्हणून मागची बाजू आलीच नाही. ती गेल्यावर पुतळ्यासाठी मी भाचीच्या जळगावच्या थ्रीडी प्रिंटिंगच्या दुकानात गेलो. पुतळा मशीनमध्ये मावत नव्हता, म्हणून दोन तुकडे करायचे होते. तिने कॉम्प्युटरवर ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्राममध्ये कापून बघायला त्यातून एक ठोकळा वजा केला, तर कापलेल्या जागी भरीव काहीच नाही, नुसतं टरफल.

"मामा, मागून बंद केल्याशिवाय नीट कापलं जाणार नाही. अंदाजाने अंबाडा बसवते."

"अंदाजाचा नको. तिचाच पाहिजे. मले बठ्ठं पाठ शे."

"सगळं पाठ आहे, मग सांगा. फोटो सगळे समोरचे आहेत. मामी उंच बांधायच्या की मानेवर?"

मला आठवेना. अंदाजाचा मात्र मी बसवू दिला नाही.