मागच्या बाकावरच्या बाई

शाळेतल्या मुलांनी गणिताच्या बाईंना ‘लाल पेन’ हे नाव ठेवलं होतं, आणि ते काही उगाच नाही. चूक दिसली की बाईंना राहवत नसे. किराणावाल्याची पाटीसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटली नव्हती. स्वतःच्या लेकीची तर गतच विचारू नका. तिनं तोंड उघडायचा अवकाश, आईचं ‘अगं, तसं नाही’ तयार! शेवटी लेकीनं बाईंसमोर गणित करणंच सोडलं. पुढे ती गणितच शिकली, पण लांबच्या कॉलेजात, आईच्या नजरेआड.

आज त्याच शाळेत, बाई निवृत्त झाल्यानं रिकाम्या झालेल्या जागेसाठी, लेकीचा नमुना तास होता. तास चांगला झाला तर नोकरी पक्की. मुख्याध्यापकांनी आग्रह केला म्हणून बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. ‘एक शब्द बोलायचा नाही,’ असं त्यांनी घरूनच स्वतःला बजावलं होतं.

“शून्य पॉइंट पाचचा पन्नासावा घात,” लेक म्हणाली. “पॉइंटनंतर लगेच ओळीनं किती शून्यं? गुणत बसलो तर संध्याकाळ होईल. लॉग घेऊ.”

तिनं फळ्यावर लिहिलं: ०.५ चा लॉग उणे ०.३०१०, गुणिले पन्नास, म्हणजे उणे १५.०५.

“शून्यं लॉगच्या पूर्णांकापेक्षा एकानं कमी. म्हणून चौदा.”

बाईंना चूक दिसली. नियम बरोबर होता, पण पंधराला तो लावायचाच नव्हता! उणे १५.०५ म्हणजे उणे सोळा अधिक ०.९५. एक वजा करायचा तो सोळातून. जीभ अगदी टोकाशी आली. मुख्याध्यापक वहीत काहीतरी लिहीत होते. बाईंनी बाकाची कड घट्ट धरली आणि ओठ मिटून घेतले. इतकं अवघड काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

“लहान घातावर पडताळून बघू,” लेक म्हणाली. “चौथा घात, ०.०६२५. एक शून्य. लॉग उणे १.२०४. एकातून एक गेला, म्हणजे शून्य एकही नाही...”

ती थांबली. तिची नजर झटकन मागच्या बाकाकडे गेली. बाई नुसत्या बघत होत्या.

“चुकलं माझं,” लेक शांतपणे म्हणाली. “अपूर्णांक आधी धन करायचा. उणे दोन अधिक ०.७९६. दोनातून एक गेला, एक शून्य. जुळलं. मग आपल्या गणितात उणे सोळा अधिक ०.९५. शून्यं पंधरा.” चौदा पुसून तिनं पंधरा लिहिलं आणि चूक कुठे झाली तेही मुलांकडूनच वदवून घेतलं.

मुख्याध्यापकांनी मान डोलावली. बाईंचे डोळे भरून आले होते.

“कुणाला शंका?” लेकीनं विचारलं. मग जरा अडखळून, “मागच्या बाकावर?”

बाई उठून उभ्या राहिल्या, मुलं उभी राहतात तशा.

“नाही, बाई.”