बीरानकोयाचा राहता पत्ता

आमच्या कुट्टिच्चिऱ्यात मुली लग्नानंतरही आईच्याच घरी राहतात आणि जावयाला पुय्याप्ला म्हणतात, म्हणजे नवा नवरदेव. तो मरेपर्यंत नवाच राहतो. संध्याकाळी बायकोच्या घरी यायचं, तिच्या खोलीत मानाचं ताट जेवायचं आणि सकाळी चहा झाला की निघायचं. घरजावई म्हणाल तर तेही नाही, कारण घरजावयाला निदान कामं तरी सांगतात.

बीरानकोयानं वीस वर्षं हे निभावलं. शारजातल्या किराणा दुकानातून सुट्टीवर आला की दिवसभर स्वतःच्या आईच्या घरी, रात्री बायकोकडे, आमिनबीकडे. यंदा बहिणींनी आईचं घर विकलं आणि त्या फ्लॅटमध्ये गेल्या. तेव्हापासून हा दिवसा माझ्या दुकानात बसायचा. मी ऑनलाइन अर्ज भरून देतो.

त्यात मेव्हणीनं त्याची विजार खिशातल्या पासपोर्टासकट मशीनमध्ये टाकली. फोटोच्या पानाचं प्लास्टिक सुटलं, व्हिसाची पानं चिकटली. पण पाहुण्यानं कपडे धुणाऱ्या घराला बोलायचं कसं? हा हसला आणि "काही नाही, काही नाही" म्हणाला. मला त्याचा असा राग आला!

मुदत संपत आलीच होती. मी नूतनीकरणाच्या अर्जात पत्ता बदलल्याचं आणि पुस्तिका खराब झाल्याचं दोन्ही लिहिलं. पासपोर्ट कचेरीत ती कशी भिजली याचं प्रतिज्ञापत्र घेतलं. नाव, नंबर, फोटो ओळखू येत होते म्हणून निभावलं. आधार, बँकेचं पासबुक, सगळ्यावर आमिनबीच्या घराचा पत्ता. आता फक्त पोलीस पडताळणी. आणि शारजाबाहेर सहा महिने झाले की व्हिसा मेला, नोकरी गेली. त्यातले चार उलटले होते.

शशिधरन पोलीस दक्षिणेकडच्या जिल्ह्यातला, इथे नवा, आमच्या चाली त्याला ठाऊक नाहीत. तो सकाळी घरी गेला तेव्हा बीरानकोया माझ्याकडे. फोन आल्यावर आम्ही धावलो, तोवर सासू बिच्चीबी उम्मा पडद्याआडून बोलून मोकळी झाली होती.

"इथे राहतात का ते?"

"राहतात कसले, सार! आमचे पुय्याप्ला ते. संध्याकाळी येतात, सकाळी जातात. आम्ही त्यांना पाण्याचा पेला उचलू दिला नाही कधी!"

शेजाऱ्यानंही तेच अभिमानानं सांगितलं. शशिधरननं गुन्हा-खटला काही आहे का विचारलं, सही घेतली आणि गेला. पंधरवड्यानं कचेरीचं पत्र आलं: दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, खुलासा करा.

"खोटं काय लिहिलंय त्यानं?" बीरानकोया म्हणाला. "मी राहतो कुठे, तूच सांग."

मी खुलाशाचा मसुदा टाईप करायला घेतला.

त्यानं कचेरीत जाऊन खुलासा दिला, निकाहनामा दाखवला, आणि पुन्हा पडताळणीचा हुकूम निघाला. मी बजावलं, "आता घर सोडायचं नाही. पोलीस सांगून येत नाही. दिवसा दिसला पाहिजेस."

"दिवसा? त्या घरात?"

"मग जा फुटपाथवर, तिथला पत्ता टाकतो."

तो खोलीत बसला. बाहेर ओसरीवर दिवसभर बायकांचा वावर. हा दारात आला की पदर सावरत सगळ्या आत पळायच्या, म्हणून हा दारच लावून घ्यायचा. दारावर टकटक झाली की बाहेर ताट ठेवलेलं. रोज कोंबडी, रोज तांदळाची पत्तिरी. न्हाणीघराकडे जायचं तर आधी खोकायचं. फोनवर मला म्हणाला, "तुरुंगात निदान फेऱ्या मारायला अंगण असतं रे." रमजानची चाहूल लागली तरी शशिधरनचा पत्ता नव्हता.

शेवटी तो आला तेव्हा मीही पोचलो. त्यानं तोच प्रश्न विचारला आणि पडदाच बाजूला झाला. जावयासमोर कधी न आलेली उम्मा ओसरीवर उभी होती.

"राहतात का? हलतच नाहीत, सार! दुपारी घोरतात, न्हाणीघर अडवून बसतात, पंखा कधी बंद करत नाहीत. कालपासून कोंबडी बंद केलीय मी. सगळ्यांसारखी मत्ती मासळीची आमटी खायची. अहो बीरानकोया, उभे काय राहिलात? सारना खुर्ची आणा!"

बीरानकोयानं खुर्ची आणली. शशिधरननं हसत त्याचा फोटो काढला, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या आणि अहवाल अनुकूल दिला.

पासपोर्ट टपालानं आला. त्यानं माझ्या दुकानात पाकीट फोडलं, शेवटच्या पानावरचा पत्ता वाचला आणि पुस्तिका माझ्याकडे सरकवली.

"उम्मानं मला नावानं हाक मारली," तो म्हणाला. "वीस वर्षांत पहिल्यांदा कामाला लावलं मला कुणीतरी त्या घरात."

"मग झालं की!"

"काय झालं? मला जावंसंच वाटत नाही आता."

व्हिसाचे नऊ दिवस उरले होते. मी मंगळवारचं तिकीट काढून दिलं.